जुन्या पेशी आधी जातात

तांबडी पेशी अस्थिमज्जेतून रक्तात उतरते ती शिदोरी बांधूनच. तिच्यात केंद्रक उरलेलं नसतं, त्यामुळे पुढच्या साधारण १२० दिवसांत एकही नवं प्रथिन तिला बनवता येत नाही. निघताना जेवढी एन्झाइम्स बरोबर होती तेवढ्यावरच भागवायचं. त्यांतली काही हळू झिजतात, काही भराभर. जी६पीडी, म्हणजे ग्लुकोज सिक्स फॉस्फेट डिहायड्रोजनेज, या एन्झाइमची कमतरता म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला ही शिदोरीची कल्पना सगळ्यात जवळची वाटते. बहुतेक रुग्णांत हे एन्झाइम मुळात बनतच नाही असं नसतं. ते बनतं, पण टिकत नाही.

या एका गोष्टीतून पुढचं बरंच काही आपोआप उलगडतं. औषध घेतल्यावर हिमोग्लोबिन का कोसळतं, औषध चालू असतानाही ते कधीकधी पुन्हा का चढतं, आणि नेमकी गरज असते त्याच दिवशी तपासणीचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ का येतो. या तिसऱ्या प्रश्नासाठीच हा लेख लिहायला घेतला. तिथे होणारी चूक साधी आहे आणि वारंवार होते.

आधी हे एन्झाइम करतं काय ते पाहू. तांबड्या पेशीत प्राणवायू आणि लोह चोवीस तास शेजारी राहतात, आणि ही सोबत धोक्याची असते. रोज थोडं हिमोग्लोबिन आपोआपच ऑक्सिडाइझ होऊन मेथहिमोग्लोबिन बनतं आणि त्यातून सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. त्यांना निकामी करणाऱ्यांत मुख्य असतं ग्लुटाथायोन. पेरॉक्साइड विझवताना ते स्वतः ऑक्सिडाइझ होतं आणि त्याला पुन्हा कामावर आणायला एनएडीपीएच हा इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू लागतो. इतर पेशींकडे एनएडीपीएच मिळवायच्या दुसऱ्याही वाटा आहेत. तांबड्या पेशीत मायटोकाँड्रिया नाहीत, म्हणून तिच्याकडे एकच वाट उरते. ग्लुकोजचा थोडा भाग मुख्य रस्ता सोडून एका आडवाटेने जातो आणि त्या आडवाटेच्या तोंडाशीच जी६पीडी बसलेलं असतं. तिथे वेग कमी पडला की मागचं सगळं अडतं.

पण अडतं ते मागणी वाढल्यावरच, आणि हा मुद्दा सहज निसटतो. रोजच्या कारभाराला या एन्झाइमचा फार थोडा अंश पुरतो. म्हणूनच ही कमतरता असलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यभर तिचा पत्ता लागत नाही. त्यांचं हिमोग्लोबिन चांगलं असतं, कावीळ नसते, थकवा नसतो. पेरॉक्साइडचा लोंढा आला की मात्र ग्लुटाथायोन संपतं आणि हल्ला हिमोग्लोबिनवर येतो. त्यातले गंधकाचे गट एकमेकांत अडकतात, प्रथिनाची घडी मोडते आणि त्याच्या गुठळ्या होऊन पेशीच्या आवरणाला आतून चिकटतात. या गुठळ्या म्हणजे हाइन्झ बॉडीज. तिल्लीतल्या अरुंद फटींतून जाताना गुठळीचा भाग तिथल्या भक्षक पेशी तोडून घेतात. उरलेली पेशी रक्ताच्या काचपट्टीवर बिस्किटाचा चावा घेतल्यासारखी दिसते. आवरण फारच खराब झालेल्या पेशी तिल्लीपर्यंत पोचतही नाहीत, रक्तवाहिनीतच फुटतात. अशा वेळी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. तिची पट्टी रक्तासाठी पॉझिटिव्ह येते, पण सूक्ष्मदर्शकाखाली लघवीत तांबडी पेशी सापडत नाही. पट्टी आणि सूक्ष्मदर्शक यांच्यातली ही विसंगती दिसली की पहिला संशय हिमोलिसिसचा, म्हणजे तांबड्या पेशी फुटण्याचा घ्यावा. स्नायूंची मोडतोड होऊनही असंच दिसतं, तेवढं मनात ठेवून.

आता शिदोरीकडे परत. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशीत जी६पीडीची क्षमता निम्मी व्हायला साधारण ६२ दिवस लागतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांत सर्वाधिक आढळणाऱ्या ‘ए मायनस’ प्रकारात ती साधारण १३ दिवसांत निम्मी होते. ‘मेडिटरेनियन’ प्रकारात तर हा काळ दिवसांत नाही, तासांत मोजावा लागतो. म्हणजे ए मायनस प्रकारात आठवडाभराची पेशी बऱ्यापैकी सशस्त्र असते आणि तीन महिन्यांची जवळजवळ निःशस्त्र. एकाच माणसाच्या एकाच थेंबात दोन्ही शेजारी वाहत असतात.

हे कळलं ते १९५० च्या दशकात, मलेरियावरच्या प्रायमाक्विन या औषधाच्या प्रयोगांतून. हे प्रयोग अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर झाले. तुरुंगात डांबलेल्या माणसाच्या संमतीला खरी संमती म्हणता येईल का, हा प्रश्न त्या संशोधनाला आजही चिकटून आहे आणि तो झटकता येत नाही. प्रयोगांची रचना मात्र लख्ख होती. काही जणांना रोज ३० मिलिग्रॅम प्रायमाक्विन दिलं की त्यांचं रक्त कोसळायचं, इतरांना काहीच होत नसे. मग दोष शरीरात की पेशीत? ज्यांना त्रास होतो त्यांच्या पेशींवर किरणोत्सर्गी क्रोमियमची खूण करून त्या निरोगी माणसाच्या शरीरात सोडल्या आणि त्याला प्रायमाक्विन दिलं. त्या पेशी मेल्या, त्याच्या स्वतःच्या पेशींना धक्काही लागला नाही. दोष पेशीतच होता. पुढे किरणोत्सर्गी लोहाने ठरावीक वयाच्या पेशींवर खूण करून पाहिलं, तेव्हा कोवळ्या पेशी औषधाला पुरून उरल्या आणि दोन महिन्यांच्या पुढच्या गेल्या. १९५६ मध्ये या दोषामागचं एन्झाइम सापडलं, जी६पीडी.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. रुग्ण कल्पित आहे, पण घटनांचा क्रम पुस्तकाबाहेरही असाच दिसतो. बत्तीस वर्षांचा पुरुष, वजन ६० किलो, ए मायनस प्रकार, अर्थात हे अजून कुणाला माहीत नाही. वायवॅक्स मलेरियाचा ताप उतरलाय. यकृतात लपलेले परजीवी मारण्यासाठी त्याला किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे रोज ३० मिलिग्रॅम प्रायमाक्विन सुरू झालंय. सुरुवातीचं हिमोग्लोबिन १४. मलेरियाने स्वतः मारलेल्या पेशी आपण हिशेबातून वगळू, नाहीतर दोन गणितं एकमेकांत मिसळतील.

पहिल्या दिवशी काही होत नाही. प्रायमाक्विन हे मूळ रूपात फारसं ऑक्सिडंट नाही. यकृतात त्याचं रूपांतर झाल्यावर जे पदार्थ बनतात ते पेशीत पेरॉक्साइड निर्माण करतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाठ दुखते, डोळे पिवळसर दिसतात, लघवी गडद होते. रक्तात पेशी फुटल्याच्या खुणा दिसतात: अप्रत्यक्ष बिलिरुबिन आणि पेशीतून सांडणारं एलडीएच हे एन्झाइम वाढतं, सुटं हिमोग्लोबिन पकडणारं हॅप्टोग्लोबिन जवळजवळ नाहीसं होतं. या दिवसांत मिथाइल व्हायोलेटसारख्या रंगाने जिवंत पेशी रंगवल्या तर हाइन्झ बॉडीज दिसतात. नेहमीच्या लीशमन रंगात त्या दिसतच नाहीत, त्यामुळे ‘स्मिअरवर काही नाही’ या वाक्याला इथे फारसा अर्थ नाही. शिवाय तिल्ली त्या झपाट्याने काढून टाकते. उशिरा पाहिलं तर त्या सापडणार नाहीत.

समजा, आठव्या-नवव्या दिवसापर्यंत ८० दिवसांच्या पुढच्या सगळ्या पेशी गेल्या. रक्तात सर्व वयांच्या पेशी सारख्याच प्रमाणात असतात असं धरलं तर हा एकतृतीयांश साठा झाला. एवढ्यानेच हिमोग्लोबिन ९.३ वर यायला हवं. पण दरम्यान अस्थिमज्जेला बातमी पोचलेली असते आणि साधारण पाचव्या दिवसापासून ती पेशी बनवण्याचा वेग वाढवते. समजा, गेले चार दिवस ती तिप्पट वेगाने काम करते आहे. म्हणजे नेहमीपेक्षा आठ दिवसांच्या उत्पादनाइतक्या जादा पेशी रक्तात आल्या. हिशेब १०.३ च्या आसपास येतो. रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या पेशी, एरवी शंभरात एक असतात, त्या आता आठ-नऊ दिसतात.

आणि याच दिवशी कुणाला तरी सुचतं, जी६पीडी तपासून पाहू.

तपासणी त्या थेंबातल्या सगळ्या पेशींची सरासरी मोजते. नव्या पेशीची क्षमता १०० धरू आणि वर दिलेल्या वेगांनी ती घटते असं मानू. निरोगी माणसाची सरासरी ५५ येते. आपल्या रुग्णाची हल्ल्याआधीची सरासरी १६ येते, म्हणजे निरोगी माणसाच्या सुमारे २८ टक्के. आता त्यातून ८० दिवसांपुढच्या पेशी वजा करा. त्यांच्यात एन्झाइम उरलेलंच नव्हतं, त्या फक्त सरासरी खाली ओढत होत्या. त्या गेल्याबरोबर आकडा ४२ टक्क्यांवर जातो. त्यात तिप्पट वेगाने आलेल्या कोवळ्या पेशी मिसळा, तो ५३ वर पोचतो. प्रत्यक्षात पेशी इतक्या शिस्तीत, वयाची रांग लावून मरत नाहीत आणि ए मायनस पुरुषांत मूळ आकडा अनेकदा २८ हूनही खाली असतो. पण गणिताची दिशा हीच राहते. जवळजवळ दुप्पट.

सर्वत्र वापरली जाणारी फ्लुओरेसंट स्पॉट टेस्ट काय करते? रक्ताचा थेंब ग्लुकोज सिक्स फॉस्फेट आणि एनएडीपी यांच्याबरोबर मिसळून ठेवायचा, ठरावीक वेळाने गाळणकागदावर ठिपका टाकायचा, वाळला की अतिनील दिव्याखाली धरायचा. एनएडीपीएच तयार झालं असेल तर ठिपका चमकतो. ही चाचणी साधारण ३० टक्क्यांखालची कमतरता पकडण्यासाठी बेतलेली आहे. हल्ल्याआधी आपल्या रुग्णाचा ठिपका अंधारलेला किंवा जेमतेम मिणमिणता दिसला असता. आज तो चमकतो. रिपोर्टवर ‘कमतरता नाही’ असं लिहिलं जातं, आणि खोटं कुणीच बोललेलं नसतं. प्रयोगशाळेने जे रक्त पाहिलं त्यात खरोखरच कमतरता नव्हती. कमतरता असलेल्या पेशी आदल्या आठवड्यात लघवीवाटे आणि तिल्लीत गेल्या होत्या.

क्षमता आकड्यात मोजणारी तपासणी, म्हणजे ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात एनएडीपीएच वाढण्याचा वेग मोजून तो दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागे सांगणारी, थोडी बरी. पण तीही याच सापळ्यात सापडते. फरक इतकाच की आकडा समोर असल्यामुळे विचार करायला जागा राहते. रेटिक्युलोसाइट आठ-नऊ टक्के असताना ज्याच्या पेशी निरोगी आहेत त्याचा आकडा नेहमीपेक्षा वर जायला हवा. इथे सगळं रक्त कोवळं होऊनही तो निम्म्यावर अडकलेला असेल, तर त्याचा अर्थ कमतरता असाच घ्यायचा. याच कारणाने जी६पीडीचा रिपोर्ट रेटिक्युलोसाइटच्या आकड्याशिवाय वाचू नये, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही एकाच नमुन्यातून काढले तर उत्तम. आणखी एक बारीक गोष्ट. पांढऱ्या पेशींत हे एन्झाइम भरपूर असतं. ॲनिमिया तीव्र आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील तर त्यांची भर आकडा फुगवते. आणि रक्त चढवल्यावर घेतलेला नमुना तर रक्तदात्याचीच माहिती देतो. रक्त चढवायचं ठरलं तर आधी एक नळी काढून ठेवावी.

आता प्रायमाक्विन न थांबवता चालूच ठेवलं तर काय होईल? स्टेटव्हिलमध्ये नेमकं हेच पाहिलं गेलं. हिमोग्लोबिन साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी तळ गाठून पुन्हा चढू लागलं, रोजची गोळी चालू असतानाच. आपल्या हिशेबात हे सहज बसतं. असुरक्षित पेशी एकदाच्या गेल्या की रोज नव्याने मरतात त्या फक्त ऐंशीव्या दिवसाचा उंबरठा ओलांडणाऱ्या. पेशीचं आयुष्य १२० ऐवजी ८० दिवसांचं होतं आणि अस्थिमज्जेने दीडपट काम केलं की तूट भरून निघते. निरोगी अस्थिमज्जेला दीडपट काम जड नाही. पण डोस वाढवला तर उंबरठा आणखी कोवळ्या वयाकडे सरकतो आणि दुसरी घसरण सुरू होते.

या ‘आपोआप थांबणाऱ्या’ हिमोलिसिसने पिढ्यानपिढ्या एक गैरसमजही पेरला, की जी६पीडीचा हल्ला सौम्यच असतो. तो ए मायनसपुरता, त्या डोसपुरता आणि धडधाकट माणसापुरता खरा आहे. मेडिटरेनियन प्रकारात शिदोरी काही तासांतच संपते. दोन दिवसांची पेशीही तिथे निःशस्त्रच असते, त्यामुळे उंबरठा असा राहतच नाही. औषध चालू राहिलं तर नाश थांबायला काही कारण उरत नाही आणि प्रकरण मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत, प्रसंगी मृत्यूपर्यंत जातं. गंमत अशी, की याच रुग्णाचा रिपोर्ट हल्ल्याच्या दिवशीही खरा येतो. रक्त कितीही कोवळं झालं तरी त्यात एन्झाइम नसतंच. फसवणूक होते ती सौम्य प्रकारात.

पेशीचं वय एकदा लक्षात आलं की औषध द्यायची पद्धतही बदलता येते. १९६० मध्येच दाखवलं गेलं की प्रायमाक्विन रोज न देता आठवड्यातून एकदा दिलं तर ए मायनस माणसांत पडझड बरीच कमी होते. प्रत्येक डोस त्या आठवड्यात म्हातारं झालेलं तेवढंच टोक कापतो आणि पुढच्या डोसपर्यंत भरपाई होते. कमतरता असलेल्या वायवॅक्स रुग्णांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेला किलोमागे पाऊण मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे हा क्रम याच विचारावर उभा आहे, तोही वैद्यकीय देखरेखीखाली. आपल्या रुग्णाला ४५ मिलिग्रॅमचे आठ डोस. याउलट टॅफेनोक्विन हे याच कामाचं दुसरं औषध एकाच डोसमध्ये काम संपवतं, पण ते शरीरात आठवडे रेंगाळतं. प्रायमाक्विन थांबवता येतं, टॅफेनोक्विन गिळल्यावर परत घेता येत नाही. म्हणून ते देण्याआधी क्षमता आकड्यात मोजून ७० टक्क्यांच्या वर असल्याची खात्री करावी लागते, चमकत्या ठिपक्यावर भागत नाही.

हल्ला सुरू करणाऱ्या गोष्टींच्या, म्हणजे ट्रिगरच्या लांबलचक याद्या सगळीकडे फिरतात. त्या वाचताना मी एकच प्रश्न विचारतो, यातून पेरॉक्साइड येतं का, आणि किती वेगाने? रॅसब्युरिकेज हे युरिक ॲसिड उतरवणारं औषध एका युरिक ॲसिडच्या रेणूमागे पेरॉक्साइडचा एक रेणू सोडतं. इथे तर्क लढवायची गरजच नाही, ते निषिद्ध. कुष्ठरोगावरचं डॅप्सोन, नॅफ्थॅलिनच्या गोळ्या आणि फावा बीन्स हेही खरे. फावा बीन्समधल्या व्हिसीन आणि कॉनव्हिसीनपासून आतड्यात जे पदार्थ सुटतात ते थेट ग्लुटाथायोन जाळतात, आणि एक-दोन दिवसांत हल्ला येतो. मिथिलीन ब्लू तर खास आठवणीत ठेवण्यासारखं. मेथहिमोग्लोबिन वाढल्यावर पल्स ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकतो आणि कुणीतरी हा निळा उतारा द्यायला निघतं. पण त्याला काम करायला एनएडीपीएचच लागतं, जे या पेशीकडे नाही. उतारा लागू तर पडत नाहीच, उलट आणखी पेशी फोडतो. यादीतली बाकी बरीच नावं मात्र संगतीमुळे बदनाम झालेली आहेत. संसर्ग हा स्वतःच एक मोठा ट्रिगर आहे, आणि तापात माणूस पॅरासिटामॉल घेतोच. नेहमीच्या डोसमधल्या पॅरासिटामॉलवर तो ठपका टिकत नाही.

राहिल्या स्त्रिया. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे एक सदोष प्रत असलेल्या स्त्रीच्या रक्तात दोन जमाती असतात, काही पेशी पूर्ण निरोगी, काही पूर्ण कमतर. तिचा आकडा ६० टक्के आला म्हणजे प्रत्येक पेशी साठ टक्के सक्षम, असं नव्हे. दर दहांतल्या जवळपास चार पेशी पुरुष रुग्णाच्या पेशींइतक्याच उघड्या पडलेल्या असू शकतात, आणि ठिपका मात्र निःशंक चमकतो. तिच्या बाबतीत तर हल्ला नसतानाही स्पॉट टेस्ट पुरेशी नाही.

आपल्या बत्तीस वर्षांच्या रुग्णाचं औषध नवव्या दिवशी थांबवलं, पाणी भरपूर दिलं, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिनवर लक्ष ठेवलं. रक्त चढवावं लागलं नाही. त्याच्या कागदावर त्या दिवशी ‘जी६पीडी नॉर्मल’ एवढंच लिहिणं घातक ठरेल, कारण पुढच्या वेळी कुणीतरी तेवढंच वाचून गोळ्या देईल. लिहायचं ते असं: हिमोलिसिस चालू असताना नमुना घेतला, रेटिक्युलोसाइट ९ टक्के, निष्कर्ष ग्राह्य नाही, तीन महिन्यांनी आकड्यातली तपासणी पुन्हा, तोवर कमतरता आहे असं धरून चालावे. तीन महिने कशासाठी, तर आज कोवळ्या असलेल्या पेशींना म्हातारं व्हायला तेवढे दिवस लागतात.